शंभर पावलांवरचा आडोसा

तंबू बघायला मी स्वतः गेले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय राहायला नको.

लढाई संपल्यानंतरचा दुसरा उन्हाळा होता. आम्ही नगरला राहत होतो. हे कोर्टात कारकून, मी मुलींच्या शाळेत शिकवत असे, आणि घरात सासूबाई आणि माझी धाकटी नणंद. नणंद अठरा वर्षांची. फाल्गुनात तिला विषमज्वर झाला आणि ताप उतरेपर्यंत त्या पोरीचं अगदी चिपाड झालं. उठवून बसवली तर मान धरावी लागायची. डॉक्टर म्हणाले, "ताप गेला, पण नगरचा वैशाख हिला झेपायचा नाही. महिनाभर थंड हवेला न्या. आणि नीट ऐका, हिच्या पोटात भरपूर पाणी गेलं पाहिजे, थोडं थोडं पण वेळच्या वेळी अन्न गेलं पाहिजे. तेवढं झालं तर पोर उभी राहील. ताप उलटला तर मात्र मी काही सांगू शकत नाही."

हे वाक्य ऐकून सासूबाई मटकन खाली बसल्या. मी उभीच राहिले. माझा स्वभावच तसा, घाबरले की मी कामाला लागते.

आमच्या आवाक्यातली थंड हवा म्हणजे भंडारदरा. तिथलं डाक बंगल्याचं प्रकरण साहेबलोकांचं, आमच्यासारख्यांना कोण विचारतो? पण त्याच सुमाराला नगरच्या छावणीतले लढाईचे तंबू लिलावात निघाले होते आणि दोन जणांनी ते घेऊन धरणाकडे मांडले होते, हवापालटाला येणाऱ्यांसाठी. एक होता पूर्वीचा खानावळीचा ठेकेदार. दुसरा एक म्हातारा खलाशी, म्हणजे साहेबांच्या दौऱ्यावर तंबू ठोकणारा माणूस, तीस वर्षं चाकरी करून गावी परतलेला. ह्यांना कोर्टातल्या कुणीतरी ठेकेदाराचं नाव सुचवलं होतं. हे म्हणाले, "पत्र टाकतो, तंबू राखून ठेवायला सांगतो."

"पत्रात काय लिहाल?" मी विचारलं.

"तंबू पाहिजे म्हणून."

"आणि संडास कुठे? पाणी कुठलं? वळीव आला तर छप्पर गळतं का? डॉक्टर किती लांब? हे कोण विचारणार, पोस्टमन?"

ह्यांनी पेन खाली ठेवलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "तंबूत राहायला आपण काय सर्कशीत आहोत?" पण पुढच्या रविवारला जोडून मी दोन दिवसांची रजा काढली आणि आम्ही दोघं सर्व्हिस मोटारीने निघालो. संगमनेर, अकोले, राजूर करत करत अंगातलं एकेक हाड मोकळं झालं.

ठेकेदाराचे तंबू अगदी पाण्याच्या काठाला. बघताक्षणी ह्यांचा चेहरा खुलला. खाली सतरंजी, वेताच्या खुर्च्या, टेबलावर चिनी मातीची बशी, बशीत फुलं. ठेकेदार हात चोळत म्हणाला, "सगळं धरून हां वहिनी! काही म्हणजे काही आणावं लागत नाही."

"रॉकेल धरून?"

तेव्हा रॉकेल रेशनवर होतं. "रॉकेल... ते आपलं आपण."

"सरपण? दूध? गाद्या?"

सरपण निराळं, दूध निराळं, गाद्या दोनच. सगळं धरून म्हणजे बशीतली फुलं धरून, एवढं मला कळलं. मग मी सतरंजीचं टोक उचललं. खाली दाट गवत तसंच ठेवलेलं. गवतात गोचिडी असतात, पिसवा असतात, आणि काठावर डासांचं तर विचारूच नका, भर दुपारी माझ्या पायाला तीन चावले. तंबूचं छत एकेरी. आत उभं राहून वर पाहिलं तर कापडातून उजेडाचे ठिपके दिसत होते. तंबूभोवती चर खणलेला नाही, म्हणजे पाऊस आला की पाणी सरळ खाटेखाली. आणि संडास? त्यासाठी सगळ्या तंबूंना मिळून एकच आडोसा, तोही काठाला, जिथून पिण्याचं पाणी भरत होते तिथून हाकेच्या अंतरावर! विषमज्वरातून उठलेल्या मुलीला मी तिथे आणणार होते!

"आणि डॉक्टर?"

"अहो, ही हवा अशी आहे की इथे माणूस आजारी पडतच नाही."

"पडून आलेल्याचं काय करता?" असं मी म्हटल्यावर हे खोकले. ह्यांचं खोकणं म्हणजे "आता पुरे". मी छत्री उघडली आणि चढाला लागले.

खलाशीबाबाची जागा वर माळावर होती, गावाच्या कडेला. तीनच तंबू. सतरंजी नाही, खुर्च्या नाहीत. म्हातारा हातात लाकडी हातोडा घेऊन मेखा ठोकत होता. आम्हाला पाहून उठला नाही, हातातली मेख पुरती ठोकून मगच उठला. मला तिथेच तो आवडला.

त्याच्या तंबूला दुहेरी छत होतं, दोन कापडांत वीतभर मोकळी जागा, म्हणजे ऊनही अडतं आणि वरचं कापड भिजलं तरी खालचं कोरडं राहतं. भोवती वीतभर खोल चर, उताराकडे काढून दिलेला. जमीन गवत काढून, चोपून, शेणाने सारवलेली. खाटांचे पाय पाण्याच्या डब्यांत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. मी विंचवांचं विचारलं.

"हायेत की," म्हातारा म्हणाला. "न्हाई म्हनलं तर खोटं हुईल. भवतालचे दगड समदे उचलून टाकल्यात. तरी जोडे झाडूनच घालायचे आन् अंथरून झाडूनच निजायचं."

"जनावर?"

"बिबट्या येतो कवा कवा, कुत्र्यासाटी. मानसाला काय करत न्हाई. चूल मातर तंबूत न्हाई मांडू द्यायचो. कापडाला आग लई झटकन धरती. भायेर छपरी करून देतो."

"दवाखाना?"

"राजूरला. बैलगाडीनं अर्धा दिस. मोटार दुपारची येती न् घडीभरानं तीच मागं जाती. ती चुकली तर बैलगाडी, न्हाईतर एकाचं घोडं हाय."

एकही उत्तर गोड नव्हतं आणि सगळी खरी होती. पिण्याचं पाणी वरच्या अंगाच्या झऱ्याचं, तेही त्याची म्हातारी भरून आणून देणार. दूध, सरपण, खाटा, गाद्या त्याच्याकडून. रॉकेल आमचं आम्ही आणायचं, हे त्याने मी विचारायच्या आधीच सांगितलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "तुझी परीक्षा संपली असली तर ठरवून टाकू."

"संडास राहिला," मी म्हटलं.

म्हाताऱ्याने तंबूच्या मागची जागा दाखवली. "हितं काढतो. उताराला हाय, झरा वरल्या अंगाला. खड्डा, वर दोन फळ्या, भवती कनात, बाजूला राखंची टोपली. दर खेपंला राख टाकायची, वास न्हाई, माशी न्हाई. साहेबाच्या तंबूला असंच असतं, मागल्या दारानं निघालं की चार पावलांवर. आन् तुमी म्हनता घरात आजारी मानूस हाय."

आणि इथे मी माझं शहाणपण दाखवलं.

"इथे नको बाबा. इथेच आमची चूल यायची, देव यायचे. सासूबाईंचं सोवळं असतं. साहेबांचं साहेबांना. आमच्याकडे संडास आणि चूल अशी शेजारी चालत नाहीत."

"मग चूल पुढं घ्या."

"पुढे वारा समोरून येतो, जाळ उडेल. तूच म्हणालास ना आग लागते?"

मग मी स्वतः पावलं मोजत निघाले. माळ खडकाळ होता, खड्डा निघेल अशी मऊ माती एक तंबूमागे आणि दुसरी पार लांब एका करंजाच्या झाडाखाली. करंजापर्यंत शंभर पावलं भरली. "इथे," मी म्हटलं. म्हातारा म्हणाला, "बरं बाई." त्या "बरं"मध्ये काय होतं ते मला तेव्हा ऐकू आलं नाही. परतीच्या मोटारीत मी ह्यांना म्हणाले, "बघा, घरच्यासारखं सोवळंसुद्धा पाळता येईल. माणसाने डोळे उघडे ठेवून जागा बघावी." हे हं म्हणाले आणि झोपले.

वैशाख लागता लागता आम्ही तिघी तिथे जाऊन राहिलो. ह्यांनी आम्हाला पोचवलं आणि कोर्टासाठी परतले. सासूबाईंनी तंबूकडे नाक मुरडून पाहिलं, पण मागची छपरी, सारवलेली चूल आणि कोनाड्यासारख्या दगडात मांडलेले देव पाहून त्यांचा राग निम्मा उतरला. संडास कुठे आहे ते दाखवल्यावर उरलेलाही उतरला. "लांब आहे ते बरं," त्या म्हणाल्या. मला शाबासकी मिळाल्यासारखंच झालं.

आठ दिवसांनी वळीव आला. दुपारी चार वाजता आभाळ एकदम काळं झालं आणि असा काही वारा सुटला की बोलायची सोय नाही. म्हातारा तंबूभोवती फिरून एकेक तणावा, म्हणजे तंबूचे ताणून बांधलेले दोर, चाचपत होता. गारा पडल्या, पाणी कोसळलं. आमच्या चरातून ओढ्यासारखं पाणी वाहून गेलं आणि आत एक थेंब नाही! पाऊस थांबल्यावर खालून माणसं येताना दिसली. ठेकेदाराच्या तंबूतलं एक नाशिकचं कुटुंब, पार भिजलेलं. त्यांचा तंबू मेखांसकट उडून पाण्यात गेला होता. मी त्यांना कोरडी लुगडी दिली, चहा दिला, आणि मनातल्या मनात इतकी फुगले की विचारू नका. तोंडाने "अरेरे" म्हणत होते, पण आतून वाटत होतं, बघा, ह्याला म्हणतात जागा निवडणं.

नणंद मात्र सुधारत नव्हती. हवा छान होती, ऊन बेताचं, तरी तिचे ओठ सुकलेले, डोकं सतत दुखायचं, जेवायला बसवलं की दोन घास. मी तिच्या उशाशी दर तासाला पाण्याचा तांब्या भरून ठेवायची आणि तो रिकामा दिसायचा, म्हणून मी निर्धास्त. "वन्सं, पाणी प्यायलात ना?" विचारलं की ती मान हलवायची. सासूबाई म्हणायच्या, "दृष्ट लागली पोरीला." मी म्हणायची, "वेळ लागतो हो."

एके दिवशी दुपारी खलाशीबाबाची म्हातारी पाणी घेऊन आली आणि मला खुणेने बाहेर बोलावलं. तंबूच्या कडेला एक करवंदीची जाळी होती. माळावरची सगळी झुडपं उन्हाने मरगळलेली, ही एकच टवटवीत, बुडाशी माती ओली.

"बाई, तुमची ताई पानी पित न्हाई," म्हातारी हळूच म्हणाली. "हितं वतती. मी दोन डाव पाह्यलं."

मला काही कळेचना. मी तशीच आत गेले. नणंद डोळे मिटून पडली होती. मी विचारलं, "वन्सं, पाणी का ओतता?"

तिने डोळे उघडले आणि रडायलाच लागली. "वहिनी, तुम्ही रागावू नका. प्यायले की जावं लागतं."

"मग जायचं!"

"किती लांब आहे ते. आणि आल्यावर लुगडं बदलायचं, पाय धुवायचे, मग चुलीवरून आत यायचं. माझ्यानं होत नाही. सकाळी एकदा एकटी कशीबशी जाऊन येते, दर वेळी तुमचा हात कसा मागू? तुम्ही एवढं सगळं बघून जागा घेतलीत, तुम्हाला कसं सांगू?"

मी तिच्या कपाळाला हात लावला. कोमट लागलं. डॉक्टरांचं ते वाक्य मला जसंच्या तसं ऐकू आलं. दुपारची मोटार घडीभरापूर्वीच परत गेली होती. राजूर अर्ध्या दिवसावर. हे सगळं मला माहीत होतं, कारण मीच विचारून घेतलं होतं! सगळं विचारलं. गळती विचारली, विंचू विचारले, बिबट्या विचारला. जी माणसं तिथे राहणार होती त्यांत सगळ्यांत अशक्त पाय कुणाचे, एवढंच विचारलं नाही. पावलं मोजली ती माझ्या पायांनी.

"चला," मी म्हटलं, "आत्ता जाऊन येऊ." तिचा हात खांद्यावर घेतला आणि निघाले. पंचवीस पावलांवर ती थांबली. चाळिसाव्यावर एका दगडावर बसली. दगड अगदी बसायला घासल्यासारखा दिसत होता. तिथे ती रोज बसत असणार. साठाव्यावर पुन्हा बसली. करंजापर्यंत जाऊन परत येईस्तोवर तिचा श्वास लागला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःच्या मूर्खपणाचा इतका संताप मला त्याआधी कधी आला नव्हता.

खलाशीबाबा तणावे आवळत होता. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. "बाबा, तू म्हणाला होतास. मी ऐकलं नाही. आता मागेच काढ."

"काढतो की. घडीभराचं काम हाय. पर मऊ माती चुलीखालीच हाय, बाई. चूल हलवावी लागंल."

म्हणजे आता सासूबाई. त्या छपरीत सोवळ्यात बसून भाताचं आधण बघत होत्या. मी चार हात लांब उभी राहून सगळं सांगितलं. करवंदीची जाळी, दगड, कोमट कपाळ. काहीच झाकलं नाही. शेवटी म्हटलं, "इथे आता संडास होणार. तुम्हाला रागवायचं तर मला रागवा, पण होणार. चूल आणि देव कुठे न्यायचे तेवढं सांगा."

मी भांडायच्या तयारीने उभी होते. त्यांनी आधी आधणाचं भांडं झाकलं. मग आधणाखालचं लाकूड ओढून त्यांनी ते मातीत विझवलं. उठल्या. दगडातले देव एकेक करून ताम्हनात घेतले.

"त्या करंजाखाली जागा मोकळी होईल ना आता?" त्यांनी विचारलं.

"तिथे? अहो, तिथे तर इतके दिवस... खड्डा होता. तिथे नको."

"मग त्याच्याही पलीकडे. तो मोठा खडक आहे ना, त्याच्या आडोशाला. वारा लागायचा नाही." ताम्हन पदराखाली धरून त्या चालायला लागल्या. मी मागून म्हणाले, "अहो, पण ते शंभराहून जास्त पावलं होतील. तुम्ही तीन वेळा स्वयंपाकाला तिथवर जाणार? ऊन-पावसात?"

सासूबाई थांबल्या, मागे वळल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीसारखाच करकरीत.

"देवांचे पाय दुखत नाहीत," त्या म्हणाल्या. "माझे दुखले तर बघू. तू पातेली घेऊन ये."

दिवे लागायच्या आत म्हाताऱ्याने खड्डा काढला, फळ्या टाकल्या, कनात ताणली. करंजाखालचा जुना खड्डा राख आणि मातीने बुजवला. मागच्या बाजूने तंबूचा पडदा सोडवून वाट केली. नणंद उठली आणि माझा हात न धरता गेली. सहा पावलं. परत आली, पाय धुतले, खाटेवर बसली. लुगडं बदलायचं सासूबाईंनी नाव काढलं नाही.

मी तांब्या भरून तिच्यापुढे धरला. तिने दोन्ही हातांनी घेतला, तोंडाला लावला आणि घटाघट पीत राहिली. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं तरी थांबली नाही. लांबून, खडकाच्या आडोशाने, सासूबाईंनी नव्याने पेटवलेल्या चुलीचा धूर वर जाताना दिसत होता.

तांब्या रिकामा करून तिने माझ्यापुढे धरला. "वहिनी, अजून आहे?"